३००० ब्रॉयलरची बॅच: हिशोबात ७५ हजार दिसत होते, हातात २६ आले. कुठं गेले?

रानमाळ
नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यातून लिहितोय. एप्रिलमध्ये घातलेली बॅच मागच्या आठवड्यात रिकामी झाली. स्वतःची बॅच आहे, पिल्लं, खाद्य, औषध सगळं आमच्याच पैशातून. हिशोब असा:

पिल्लं ३०००, दर ३८ रुपये, म्हणजे १,१४,०००. वर ६० पिल्लं फुकट मिळाली, म्हणजे शेडमध्ये ३०६० उतरली.
खाद्य ५० किलोच्या गोण्या: प्री-स्टार्टर २८ (२२५० ने), स्टार्टर ६२ (२१५० ने), फिनिशर ११८ (२०८० ने). एकूण २०८ गोण्या, ४,४१,७४० रुपये.
औषध आणि लस १६,५००.
मरतूक १५२. विकले २९०८ पक्षी, वजन ६१०५ किलो.
विक्री ५,९८,५६१. सरासरी ९८ चा भाव पडला.

म्हणजे खर्च ५,७२,२४० आणि शिल्लक २६,३२१. बॅच घालताना मी ३००० × २.२ किलो × ९८ असं धरलं होतं, त्यात ७५ हजारांच्या आसपास सुटत होते. मधले ४८ हजार नक्की कुठं गेले? औषधात का खाद्यात का मरतुकीत? पुढची बॅच घालायच्या आधी कळलं तर बरं.

ओढ्याकाठी
दादा, सरळ आहे. १५२ मेले, म्हणजे १५२ × २.१ × ९८ = ३१,२८२ रुपयांचा माल गेला. त्या पिल्लांची किंमत १५२ × ३८ = ५,७७६. दोन्ही मिळून ३७ हजार मरतुकीतच गेले. उरलेलं औषधात. १६,५०० हे औषध फार झालं, आमच्याकडं हळद, लसूण आणि गूळपाण्यावर बॅच निघते. पुढच्या वेळी २८ रुपयांची पिल्लं बघा, तिथंच ३० हजार वाचतील.

करारवाला
पिल्लांचे पैसे तुम्ही का देता? कंपनी देते की. आम्हाला पिल्लं, खाद्य, औषध सगळं दारात येतं. किलोला ७ रुपये संगोपनाचे मिळतात. बाजारभाव पडला तरी आपल्याला काय करायचंय? तुमच्या ६१०५ किलोचे ४२ हजार झाले असते.

सुगी
रानमाळ, आकडे नीट लिहिलेत म्हणून नीट उत्तर देता येतं. आधी करारवाले भाऊंचं. त्यांचा प्रश्न वेगळा आहे, तुमची बॅच खुली आहे. त्यांच्याकडं मी शेवटी येते.

ओढ्याकाठी, मरतुकीचा हिशोब दोनदा लागलाय. मेलेल्या पक्ष्याची पिल्लाची किंमत १,१४,००० मध्ये आधीच बसलेली आहे, त्यानं खाल्लेलं खाद्य ४,४१,७४० मध्ये बसलेलं आहे. विक्रीत तो पक्षी नाही एवढंच. त्यामुळं एकतर "त्याच्यावर आजवर काय खर्च झाला" तो आकडा धरा, नाहीतर "तो जगला असता तर विक्रीतून किती आले असते, वजा त्यानं पुढं आणखी किती खाल्लं असतं" हा आकडा धरा. दोन्ही एकत्र धरले की नुकसान फुगतं. शिवाय ३०६० मध्ये एकही न मरता बॅच कधीच निघत नाही. तीन-चार टक्के, म्हणजे ९०-१२० पक्षी, जातातच असं धरूनच बॅच घालायची.

आता मुख्य गोष्ट. या धंद्यात "एकूण नफा किती" यावरून काही कळत नाही. एक किलो जिवंत कोंबडी तयार करायला किती पडले ते काढा, मग त्याच्याशेजारी विक्रीचा भाव लिहा. तुमचे ५,७२,२४० भागिले ६१०५ म्हणजे किलोला ९३.७३. भाव ९८. म्हणजे किलोमागं सव्वाचार रुपये.

पण तुमच्या यादीत तूस नाही, ब्रूडिंगचा गॅस नाही, वीज नाही आणि मजुरी नाही. ते किती आलं सांगा. आणि चार गोष्टी आणखी हव्यात: मरतूक कोणत्या आठवड्यात किती, सातव्या दिवशीचं सरासरी वजन, माल किती खेपांत उचलला, आणि प्रत्येक खेपेचा भाव.

रानमाळ
ताई, हे घ्या. तूस ९,०००. गॅस ७,२००. वीज ४,५००. मजुरी घरचीच, आई आणि मी. बाहेरचा माणूस ठेवला असता तर १८,००० तरी गेले असते.

मरतूक: पहिल्या आठवड्यात ४१, आठव्या ते अठ्ठाविसाव्या दिवसात ३३, पुढं ३८ व्या दिवसापर्यंत ४७, आणि शेवटच्या चार दिवसांत ३१.
सातव्या दिवशी वजन १४८ ग्रॅम.
माल तीन खेपांत गेला. ३६ व्या दिवशी ११०० पक्षी, २१७८ किलो, १०१ ने. ३८ व्या दिवशी ९०८ पक्षी, १८८९ किलो, ९९ ने. उरलेले ९०० पक्षी ४२ व्या दिवशी, २०३८ किलो, ९४ ने. व्यापाऱ्यानं दोन दिवसांत गाडी लावतो म्हटला होता, चार दिवस लावलीच नाही.

सुगी
मग यातच तुमचं उत्तर आहे. बसून वाचा, आकडे जरा जास्त आहेत.

आधी राहिलेला खर्च. ९,००० + ७,२०० + ४,५०० + १८,००० म्हणजे ३८,७००. घरची मजुरी धरायचीच. आईनं दीड महिना पहाटे उठून भांडी धुतली ते फुकट नाही. एकूण खर्च ६,१०,९४०, किलोला १००.०७. रिकाम्या गोण्या आणि कोंबडखताचे किती आले?

रानमाळ
२०८ गोण्या ८ रुपयांनी, १,६६४. खताच्या दोन ट्रॉल्या ५,५०० ने, ११,०००. ते मी वेगळ्या वहीत लिहितो.

सुगी
ते १२,६६४ खर्चातून वजा करा. निव्वळ खर्च ५,९८,२७६. विक्री ५,९८,५६१. म्हणजे घरची मजुरी सुटली आणि वर २८५ रुपये. तुम्हाला २६ हजार उरले असं वाटतं, ते मजुरी आणि शेडखर्च न धरल्यामुळं. शेडचा हप्ता असेल तर तो अजून बाहेरच आहे.

आता पैसे गेले कुठं ते. ३८ व्या दिवशी दुसरी गाडी गेल्यावर शेडमध्ये किती पक्षी होते? शेवटी ९०० विकले आणि मधे ३१ मेले, म्हणजे ९३१. त्या दिवशी उरलेल्यांचं वजन केलं होतं का? आणि त्या चार दिवसांत किती गोण्या फोडल्या?

रानमाळ
हो. ५० पक्षी धरून तोलले होते, सरासरी १.९६ आली. मोठे मोठे व्यापाऱ्यानं आधीच काढून नेले होते ना. चार दिवसांत फिनिशरच्या १३ गोण्या गेल्या.

सुगी
वजन केलंत हे फार चांगलं केलंत, नाहीतर पुढचं सांगताच आलं नसतं.

३८ व्या दिवशी ९३१ × १.९६ = १८२५ किलो माल उभा होता. ९९ ने त्याचे १,८०,६७५ झाले असते.
तुम्ही ४२ व्या दिवशी २०३८ किलो ९४ ने विकला, आले १,९१,५७२. त्यातून १३ गोण्यांचे २७,०४० गेले. हाती १,६४,५३२.
फरक १६,१४३ रुपये. चार दिवसांत, फक्त ९०० पक्ष्यांवर.

याच्या आत काय झालं ते बघा. ६५० किलो खाद्य घातलं आणि शेडमधलं विकण्याजोगं वजन वाढलं फक्त २१३ किलो. किलोभर वजनाला तीन किलो खाद्य. ३८ व्या दिवसापर्यंत तुमचं ९,७५० किलो खाद्य आणि ५,८९२ किलो वजन, म्हणजे एफसीआर १.६५. उन्हाळ्यात हे वाईट नाही. शेवटच्या चार दिवसांनी तो १.७० वर नेला.

जगलेले पक्षी त्या चार दिवसांत दिवसाला ७६ ग्रॅमनं वाढले. थंडीत याच वयात ९० ते १०० ग्रॅम वाढतात. पण समजा १०० नं वाढले असते आणि एकही मेला नसता, तरी ९०० पक्ष्यांचं वजन दिवसाला ९० किलो वाढलं असतं, त्याला साडेतीन गोण्या लागल्या असत्या, म्हणजे ७,३०० रुपये. ९० किलोचे ९९ ने ८,९००. दिवसाला फार तर सोळाशे सुटले असते. आणि भाव फक्त एक रुपया उतरला की १८०० किलो उभ्या मालावर १,८०० रुपये जातात. म्हणून दोन किलो ओलांडल्यावर "अजून दोन दिवस राहू दे, वजन वाढेल" हा विचार भाव चढत असेल तरच करायचा. भाव उतरत असेल तर नाही.

ओढ्याकाठी
दोनदा धरलं ते चुकलं माझं, मान्य. पण औषध १६,५०० जास्त आहे हे तर खरं ना?

सुगी
पक्ष्यामागं साडेपाच रुपये. थोडं जास्त आहे, पण किलोला फक्त पावणेतीन रुपये पडतं. अर्धं केलंत तरी किलोला सव्वा-दीड रुपया वाचेल. खाद्याचा किलोचा दर एक रुपयानं वाढला तर तुमच्या बॅचमध्ये किलोला १.७० रुपये चढतात. पिल्लू ५ रुपयांनी महागलं तर किलोला जवळपास अडीच. तेव्हा औषधावर भांडण्यात वेळ घालवू नका. त्यात लासोटा आणि गंबोरोची लस असेल तर ती तर बिलकूल तोडू नका.

पशुवैद्य_निफाड
लसीबद्दल ताई म्हणतात ते बरोबर. रानमाळ, बिलात अँटिबायोटिक कोणतं आणि किती दिवस दिलंत ते बघून सांगा. मरतूक वाढली की दुकानदार पाच दिवसांचा कोर्स हातात देतो, आणि कारण उष्णता असेल तर तो कोर्स पाण्यात जातो. आणि कोलिस्टिन असलेलं काही मिळालं असेल तर घेऊ नका. खाण्याच्या जनावरांत आणि पक्ष्यांत ते २०१९ पासून बंद आहे.

मला तुमचे दोन आकडे जास्त बोलतात. सातव्या दिवशी १४८ ग्रॅम, आणि ३८ दिवसांनंतर ३१ मेले.

१४८ कमी आहे. ४० ग्रॅमचं पिल्लू सात दिवसांत सव्वाचार-साडेचार पट व्हायला हवं, म्हणजे १७० ते १८०. पहिल्या आठवड्यात मागं पडलेलं पिल्लू पुढं भरून काढत नाही. त्याच वजनाला पोचायला दोन दिवस जास्त घेतं, आणि ते दोन दिवस म्हणजे फिनिशरच्या गोण्या. कारण बहुतेक वेळा पिल्लं उतरवतानाच्या चोवीस तासांत असतं. पिल्लं येऊन पाच-सहा तास झाले की ४०-५० पिल्लं हातात घेऊन मानेखालची पिशवी बोटांनी चाचपा. मऊ आणि भरलेली असेल तर खाल्लं आणि पाणीही प्यायलं. टणक असेल तर खाल्लंय पण पाणी मिळालेलं नाही. रिकामी असेल तर दोन्ही नाही. पहिल्या चोवीस तासांत दहातल्या नऊ तरी पिल्लांची पिशवी भरलेली हवी. आणि पिल्लाचे पाय गालाला लावून बघा, थंड लागले तर तूस खालून गार आहे, वर हवा कितीही गरम असू दे. पिल्लं यायच्या आधी बारा तरी तास ब्रूडर चालू करून गादी तापवावी लागते. बरेच जण गाडी फाट्यावर आली की गॅस पेटवतात.

ओढ्याकाठी, २८ रुपयांच्या पिल्लांचं म्हणालात. दर पडलेला असताना चांगलं पिल्लूही २८ ला मिळतं, तेव्हा जरूर घ्या. पण बाजारात ३८ चालू असताना कुणी २८ ला देत असेल तर ते लहान अंड्याचं, ३३-३४ ग्रॅमचं पिल्लू असतं, नाहीतर निवडून उरलेलं.

रानमाळ
डॉक्टर, पिल्लं रात्री साडेअकराला आली. ब्रूडर संध्याकाळी सातला लावला होता. पिशवी तपासली नाही. अँटिबायोटिकचा एक कोर्स ३० व्या दिवशी दिला, एनरो होतं, ४,२०० रुपयांचं. शेवटच्या ३१ पैकी बहुतेक दुपारी दोन ते पाचमध्ये गेले. उताणे पडलेले, अंगानं मोठे. त्याआधीच्या ४७ मध्ये मात्र रात्री मेलेलेही बरेच होते, काहींना घरघर होती.

पशुवैद्य_निफाड
दुपारचे उताणे पडलेले, मोठे, पोटात खाद्य भरलेले पक्षी म्हणजे उष्णता. त्या वेळी त्यांच्या पोटात खाद्य असणं हेच घातक असतं, पचनाची उष्णता आत वाढते. सकाळी दहा-साडेदहाला फीडर वर उचलायचे, चार-साडेचारला खाली सोडायचे. पाणी मात्र सुरूच, आणि टाकी सावलीत. उन्हात तापलेल्या काळ्या टाकीचं पाणी पक्षी पीत नाहीत.

घरघर असलेल्या ४७ चं मी इथं बसून काही सांगणार नाही. सीआरडी असेल, त्यावर ई. कोलाय चढला असेल, अमोनिया असेल. पोस्टमॉर्टेम केलं होतं का?

रानमाळ
नाही केलं.

पशुवैद्य_निफाड
मग ते कारण आता हाती लागायचं नाही. पुढच्या वेळी एका दिवसात हजारी दोनपेक्षा जास्त मेले की ताजे मेलेले तीन-चार आणि आजारी दिसणारे दोन जिवंत घेऊन जवळच्या दवाखान्यात जा. सकाळी मेलेला पक्षी संध्याकाळी आणला तर आत काही कळत नाही. काळजावर आणि यकृतावर पांढरा पापुद्रा दिसला तर ती एक दिशा, पोटात पाणी दिसलं तर दुसरी. एनरो दोन्हीला सारखंच द्यायचं नसतं. आणि ३० व्या दिवशी दिलेलं औषध ३६ व्या दिवशी माल विकताना अंगातून उतरलेलं असतं का, तेही बघायला हवं. डब्यावर विक्रीआधी किती दिवस बंद करायचं ते लिहिलेलं असतं.

सुगी
मरतुकीचं पैशांत बोलायचं तर कोणत्या आठवड्यात मेला यालाच महत्त्व. पहिल्या आठवड्यातल्या ४१ नी खाद्य खाल्लं मिळून दोन-तीन किलो. त्यांचं नुकसान म्हणजे पिल्लाची किंमत, दीड-पावणेदोन हजार. २८ व्या दिवसानंतरच्या ७८ नी सरासरी २.८ किलो तरी खाल्लं असेल. म्हणजे २१८ किलो, साडेचार गोण्यांच्या जवळ, नऊ हजारांचं खाद्य, आणि पिल्लांचे तीन हजार वेगळे. म्हणून वहीत नुसतं "मरतूक ५ टक्के" लिहू नका, दिवस लिहा. ५ टक्के पहिल्याच आठवड्यात गेले तर ब्रूडिंगचं काम, शेवटी गेले तर पडदे, पंखे आणि जागेचं काम. शेड किती फुटांचं आहे?

रानमाळ
१०० बाय ३०. तीन हजार फूट.

सुगी
म्हणजे फुटाला एक पक्षी, त्यातही ६० जास्त. थंडीत चालतं. एप्रिल-मेमध्ये तासगावात सव्वा फूट द्यायला हवा, म्हणजे २४००. माझ्या मते उन्हाळ्यात २५०० च्या वर घालू नका.

वैशाखवणवा
ताई, हे मला पटत नाही. ५०० पक्षी कमी घातले तर मजुरी तीच, गॅस जवळपास तोच, वीज तीच. किलोमागचा शेडखर्च वाढतो. त्यापेक्षा छपरावर पाण्याचे फवारे आणि आत चार पंखे लावा, तीन हजार घाला. आमच्याकडं सोलापूर बाजूला ४२ अंशांत असंच चालतं, शेवटच्या आठवड्यात दिवसाला चार-पाचच जातात. पाणी मात्र भरपूर लागतं.

सुगी
पाणी आणि वीज दोन्ही दुपारी असेल तर तुमचं बरोबर आहे. आमच्याकडं दुपारी शेतीची वीज नसते, त्यामुळं मी कमी पक्ष्यांच्या बाजूची आहे. रानमाळ, तुमच्या गावात वीज कधी असते त्यावर ठरवा.

करारवाला
एवढं सगळं वाचून परत विचारतो. ही डोकेदुखी घ्यायचीच कशाला? किलोला ७ म्हणजे ४२,७३५ सरळ.

सुगी
भाऊ, आता तुमचं घेते. ४२,७३५ मधून तूस, गॅस, वीज, मजुरी हे ३८,७०० तुम्हालाही जातातच ना? उरतात चार हजार. खत तुमचं, ११,००० मिळवा. रिकाम्या गोण्या बहुतेक कंपनी परत नेते. म्हणजे १५ हजार. त्या हिशोबानं रानमाळांच्या २८५ पेक्षा करार बरा ठरला, ते मी मान्य करते. पण १.७० एफसीआर आणि ५ टक्के मरतुकीला तुमची कंपनी पूर्ण ७ देते का? उत्पादनखर्च ठरवलेल्यापेक्षा वर गेला की कापतात, असं करारातच असतं.

करारवाला
कापतात. मागच्या उन्हाळ्यात ५.८० बसले होते.

सुगी
मग ३५,४०९. शेडखर्च वजा केला की ३,२९१ चा तोटा, त्यात खत मिळवलं तरी ते ७,७०९ वर येतं. तरी पदरचं घालावं लागत नाही, हा कराराचा फायदा खराच. खुल्या बॅचमध्ये भाव ७५ ला आला की रानमाळांचे एका बॅचमध्ये सव्वा-दीड लाख बुडतात. उलट ११५ झाला तर लाखभर सुटतात. दोन-तीन बॅचचं खाद्य पदरमोड करून भरायची ताकद नसेल तर खुली बॅच घालू नये, हे मी कुणालाही सांगेन.

तराजू_काटा
कुणी काट्याबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो. माल उचलताना दोन ठिकाणी वजन जातं.

एक, कॅरेटचं रिकामं वजन. व्यापाऱ्याचा माणूस सुरुवातीला ओलं, घाण लागलेलं जड कॅरेट काट्यावर ठेवून शून्य करतो आणि पुढं हलकी कॅरेटं वापरतो. दोनशे ग्रॅमचा फरक दिसत नाही, पण १२ पक्ष्यांच्या कॅरेटनं तुमची २४२ कॅरेटं होतात. ४८ किलो, म्हणजे ४,७०० रुपये. दर वीस कॅरेटांमागं रिकामं कॅरेट पुन्हा काट्यावर ठेवायला लावा आणि आपला माणूस वहीत पक्षी आणि वजन दोन्ही लिहू द्या.

दोन, उपाशी ठेवणं. गाडी रात्री बाराला येणार म्हणून संध्याकाळी सहाला फीडर उचलता, ते ठीक. गाडी पहाटे पाचला आली की ११ तास झाले. पहिल्या सहा तासांत पोट रिकामं होतं. नंतर अंगातलं वजन जायला लागतं, तासाला हजारी तीन-चार किलो धरा. दोन हजार किलो मालावर पाच तासांत ३० ते ४० किलो. गाडी निघाल्याचा फोन आल्याशिवाय फीडर उचलू नका. पाणी तर शेवटपर्यंत बंद करायचं नाही.

रानमाळ
शेवटच्या खेपेला असंच झालं. गाडी सकाळी सातला आली, फीडर आदल्या रात्री आठलाच उचलले होते.

तराजू_काटा
मग त्या ९०० पक्ष्यांचे ३०-४० किलो तिथंच गेले. सुगीताईंनी काढलेल्या १६ हजारांत तेही मिसळलेलं आहे.

सुगी
हो, बरोबर. म्हणजे २१३ किलोच्या जागी २४५-२५० धरायला हवं होतं. खाद्य तरीही फार गेलं.

रानमाळ, खाद्य उधारीवर घेता का रोखीनं?

रानमाळ
उधारीवर. माल गेल्यावर देतो. रोखीला गोणीमागं ४० कमी लावतो म्हणाला होता.

सुगी
२०८ × ४० = ८,३२०. पन्नास-पंचावन्न दिवसांचं ते व्याज झालं. सगळं रोखीनं जमणार नाही, पण प्री-स्टार्टर आणि स्टार्टरच्या ९० गोण्या जरी रोखीनं घेतल्या तरी ३,६०० वाचतात. सोसायटीचं किंवा बँकेचं खेळतं भांडवल याहून स्वस्त पडतं का ते विचारून बघा.

रानमाळ
सगळ्यांचे आभार. पुढची बॅच कधी घालू ते ठरवतोय. आषाढातल्या अमावास्येच्या आधी माल निघाला तर भाव बरा मिळतो, श्रावण लागला की पडतो. म्हणून अमावास्येच्या बरोबर ३८ दिवस आधी पिल्लं उतरवावीत असा विचार आहे.

वैशाखवणवा
सगळेच तसं मोजतात, दादा. त्या आठवड्यात पिल्लाचा दर चढलेला असतो आणि अमावास्येच्या दोन दिवस आधी सगळ्यांचा माल एकदम बाहेर येतो. ४५ दिवस आधी उतरवा, माल सात-आठ दिवस आधी काढायला सुरुवात करा.

सुगी
मी ४३ म्हणेन. पहिली खेप ३५ व्या दिवशी पावणेदोन-दोन किलोवर काढायची. एकाच व्यापाऱ्यावर राहू नका. दोघांना आधीच सांगून ठेवा आणि शेवटचे तीनशे-चारशे पक्षी गावातल्या चिकन दुकानांना रोज ४०-५० असे देता येतात का बघा. त्यांचा भाव गाडीपेक्षा पाच-सात रुपयांनी जास्त असतो. मात्र रोज पैसे हातात घ्यायचे.

रानमाळ
व्यापाऱ्यानं पहिली गाडी लावताना मोठे पक्षी निवडून नेले, ते थांबवायचं कसं? "निवडून नाही द्यायचं" म्हटलं तर गाडी रिकामी नेतो म्हणतो.

तराजू_काटा
शेडचा एक भाग पडद्यानं अडवून त्यातले सगळे उचलायचे, लहानमोठे सरसकट. बोली करतानाच तसं ठरवायचं. भाव एखादा रुपया कमी सांगेल.

ओढ्याकाठी
आमच्याकडं तर व्यापारी ऐकतच नाहीत. रुपया सोडला तरी निवडूनच नेतात. कुणाला जमलंय का हे खरंच?